मुरघास कोण विकत घेणार? बाजाराचा हिशेब टक्केवारीने नको, गोठ्यापासून करा

२०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला. पण काढणीच्या तोंडावर बाजार समित्यांत भाव त्याच्या बराच खाली राहिला. त्यात सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने दाण्याची प्रत बिघडली आणि ओलावा वाढला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, वैजापूर, कुठेही गेलात तरी मक्याच्या बांधावर एकच चर्चा ऐकू येते: "दाणे विकण्यापेक्षा हिरवा मका कापून मुरघास केला तर?"

विचार चुकीचा नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानातून मुरघास निर्मितीच्या प्रकल्पाला ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपये भांडवली अनुदान आहे. त्यामुळे शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गट प्रकल्प अहवाल तयार करून घेत आहेत. असे काही अहवाल माझ्याकडे तपासायला आले. यंत्राची किंमत, शेडचे माप, वीजजोडणी हे सगळे त्यात बारकाईने लिहिलेले असते. फक्त एक पान घाईत उरकलेले दिसते, ते म्हणजे 'बाजारपेठ'. प्रकल्प चालणार की बुडणार हे मात्र त्याच पानावर ठरते. म्हणून आज त्या एका पानाबद्दल सविस्तर लिहितो आहे.

अहवालात काय लिहिले होते

गंगापूर तालुक्यातल्या एका उत्पादक कंपनीचे उदाहरण घेऊ. कंपनीचे आणि गावांचे नाव देत नाही. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. तुमच्या भागातले वेगळे असतील, म्हणून आकड्यांपेक्षा हिशेबाची रीत पाहा.

प्रकल्प ६० लाखांचा. त्यात अनुदान ३० लाख, बँकेचे कर्ज २० लाख आणि सभासदांचे भागभांडवल १० लाख. ४०० सभासदांनी प्रत्येकी अडीच हजार रुपये घातले होते आणि कर्जाला संचालकांची वैयक्तिक हमी होती. वर्षाला ३,००० टन मुरघास गाठी बांधून विकायचा बेत होता.

हा माल कुठे विकला जाणार, याचे उत्तर अहवालात असे होते: २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आणि ५६ लाख म्हशी आहेत, म्हणजे एकूण १ कोटी ९६ लाख जनावरे. प्रत्येकाला रोज २० किलो चारा धरला तर वर्षाला १४ कोटी टनांहून अधिक चारा लागतो. किलोला साडेसहा रुपये भाव धरला की बाजार जवळजवळ ९३ हजार कोटींचा. कंपनीची विक्री १ कोटी ९५ लाख रुपयांची, म्हणजे या बाजाराच्या फक्त ०.००२ टक्का. शेवटचे वाक्य होते, "त्यामुळे विक्रीची कोणतीही अडचण नाही."

पहिल्यांदा वाचताना हे पटते. पन्नास हजारांत एक वाटा मागणाऱ्याला कोण नाही म्हणेल? फसगत नेमकी इथेच होते. वाटा जितका लहान दिसतो तितका तो सोपा वाटतो. पण वाटा लहान दिसतो याचे कारण भागाकारातली खालची संख्या अवाढव्य आहे, एवढेच. त्या ९३ हजार कोटींमध्ये बैल आहेत, वासरे आहेत, भाकड जनावरे आहेत, गडचिरोलीच्या रानात चरणाऱ्या गाई आहेत आणि घरचा कडबा खाणाऱ्या लाखो म्हशी आहेत. यांपैकी एकही गाय तुमच्या गाठीची वाट पाहत उभी नाही. व्यवसायशिक्षणात या चुकीला गमतीने 'चीनचा एक टक्का' म्हणतात: चीनमध्ये माणसे एवढी आहेत की त्यातल्या एक टक्क्याने जरी आपला माल घेतला तरी आपण श्रीमंत! पण तो एक टक्का कोण, कुठे राहतो आणि का घेईल, हे कोणीच सांगत नाही.

आधी स्वतःला किती विकावे लागेल ते काढा

बाजार मोजण्याआधी एक आकडा हातात हवा: तोटा न होण्यासाठी किमान किती टन विकावे लागतील? हा आकडा नसेल तर बाजार मोठा की छोटा, हे ठरवायला मापच राहत नाही.

या कंपनीचा खर्च आम्ही किलोवर आणला. शेतातला हिरवा मका अडीच रुपये किलो. कापणीत, वाहतुकीत, आंबवण्याच्या क्रियेत आणि थोड्याफार बुरशीत मिळून १३ टक्के घट धरली, म्हणजे विकलेल्या एका किलोमागे मक्याचे सुमारे २ रुपये ९० पैसे. कापणी, कुट्टी आणि यार्डापर्यंत वाहतूक ८० पैसे. मजुरी, डिझेल आणि वीज ५० पैसे. जाळी आणि प्लॅस्टिक फिल्म ७० पैसे. १५ किलोमीटरच्या आत पोहोच आणि हमाली ४० पैसे. एकूण ५ रुपये ३० पैसे. गोठ्यावर पोहोच भाव साडेसहा रुपये मिळाला तर किलोला १ रुपया २० पैसे, म्हणजे टनाला १,२०० रुपये हातात राहतात.

आता माल विकला नाही तरी होणारा वर्षाचा खर्च पाहू. दोन माणसांचा पगार ३ लाख ६० हजार. २० लाखांच्या कर्जाचे पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी हप्ते, साधारण ५ लाख २० हजार. दुरुस्ती, विमा आणि स्थिर वीजबिल १ लाख ७० हजार. ऑक्टोबरमध्ये भरलेला माल मार्च-एप्रिलमध्ये विकला जातो, तोवर अडकलेल्या खेळत्या भांडवलाचे व्याज दीड लाख. एकूण १२ लाख. १२ लाखांना १,२०० ने भागले की १,००० टन येतात.

म्हणजे खरा प्रश्न ९३ हजार कोटींचा नव्हताच. प्रश्न होता: आपल्या टप्प्यात दरवर्षी १,००० टन मुरघास पैसे मोजून घेणारे गोठे आहेत का?

टप्पा किती, हे वाहन ठरवते

मुरघासात ६५ ते ७० टक्के पाणी असते. टनभर माल नेला तर त्यात चारा तीनशे-साडेतीनशे किलो, बाकी आपण पाणी वाहतो. म्हणून या मालाचा बाजार जिल्हा किंवा राज्य नसतो. भाडे परवडेल तेवढे वर्तुळ हाच त्याचा बाजार.

पाच टनांचा टेम्पो किलोमीटरला ३० रुपये घेतो आणि रिकामा परत येतो असे धरा. १५ किलोमीटरवरच्या गोठ्यासाठी जाऊन-येऊन ३० किलोमीटरचे ९०० रुपये, म्हणजे किलोला १८ पैसे. त्यावर हमाली २० पैसे. हेच ४० किलोमीटरला किलोमागे ६८ पैसे होतात आणि १०० किलोमीटरला १ रुपया ४० पैसे. १५ किलोमीटरवर जो १ रुपया २० पैसे उरत होता, तो १०० किलोमीटरवर २० पैशांवर येतो. शिवाय हा हिशेब टेम्पो भरून गेला तरचा. तीन गाईंचा मालक एका वेळी पाचशे किलोच मागतो. टेम्पो अर्धा भरला तर भाडे दुप्पट पडते.

म्हणून आम्ही नकाशावर यार्डाभोवती १५ किलोमीटरचे वर्तुळ काढले. त्यात १४ गावांची दूध संकलन केंद्रे आली.

गोठे मोजताना

पशुगणनेतून जनावरे कळतात, गिऱ्हाईक कळत नाही. गिऱ्हाईक मोजायची सर्वात चांगली वही दूध संकलन केंद्रावर असते. जो दूध घालतो त्याच्या हातात दर दहा-पंधरा दिवसांनी रोख येते, आणि चारा विकत घेण्याची शक्यता त्याचीच. एकच कुटुंब दोन केंद्रांवर दूध घालत असेल तर नाव दोनदा मोजले जाणार नाही, याकडे लक्ष द्या. जनावरांची संख्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या लसीकरणाच्या नोंदींशी ताडून पाहा.

१४ केंद्रांवर मिळून ६२० कुटुंबे निघाली. त्यांचे गोठ्याच्या आकाराने चार भाग केले, कारण दोन गाईंचा मालक आणि वीस गाईंचा मालक चाऱ्याचा विचार सारखा करत नाहीत.

एक-दोन जनावरे असलेली ४१० कुटुंबे होती. त्यांचे बांधावरचे गवत, कडबा, गव्हाचा भुसा, उसाचे वाढे यांवर भागते. यांची मागणी शून्य धरली. हा शून्य लिहिताना संचालकांचे तोंड उतरले, कारण दोन-तृतीयांश नावे एका फटक्यात गेली. पण त्या कुटुंबांपैकी विचारलेल्या एकानेही कधी मुरघास विकत घेतला नव्हता.

तीन ते पाच जनावरांची १५० कुटुंबे, सहा ते वीस जनावरांची ५० आणि वीसपेक्षा जास्त जनावरांचे १० गोठे उरले.

"घ्याल का?" असे विचारू नका

इथे पाहणीतली सर्वात मोठी चूक होते. "आम्ही मुरघास सुरू करतोय, घ्याल का?" असे विचारले की आपल्याकडे माणूस नाही म्हणत नाही. चहा पाजतो आणि म्हणतो, "घेऊ की, तुमचंच आहे." ही मागणी नव्हे, पाहुणचार आहे.

त्याऐवजी झालेली गोष्ट विचारा. गेल्या उन्हाळ्यात मुरघास विकत घेतला होता का? किती पिशव्या किंवा गाठी? कोणाकडून? किलोला काय दिले? किती दिवस घातला? ज्याने घेतला तो आकडे पटापट सांगतो. ज्याला आठवावे लागते त्याने बहुधा घेतलेला नसतो.

तीन ते पाच जनावरांच्या गटात ३० घरे विचारली. ६ जणांनी घेतला होता. म्हणजे पाचात एक, १५० मध्ये ३० कुटुंबे. सहा ते वीसच्या गटात २५ गोठे पाहिले. १० जण घरचा मुरघास खड्ड्यात किंवा पिशवीत भरत होते, १० विकत घेत होते, ५ जण दोन्ही करत नव्हते. म्हणजे ४० टक्के, ५० मध्ये २०. मोठे दहाही गोठे पाहिले. सात जणांची स्वतःची कुट्टी यंत्रे आणि बंकर होते, तिघे कमी पडला की बाहेरून आणत होते.

एका गाईला किती किलो?

अहवालात रोज २० किलो, ३६५ दिवस धरले होते. गोठ्यात तसे होत नाही. साधारण ४०० किलो वजनाच्या संकरित गाईला दिवसाला वजनाच्या तीन टक्के, म्हणजे १२ किलोच्या आसपास कोरडा चारा आणि खुराक मिळून लागतो. १५ किलो मुरघासातून त्यातला ४ किलो ८०० ग्रॅम मिळतो, म्हणजे एकूण गरजेच्या चाळीस टक्के. बाकी हत्ती गवत, भुसा, कडबा आणि पेंड असते. विकत आणलेला चारा माणूस हात राखून, फक्त दुभत्या गाईला घालतो. भाकड आणि गाभण जनावराला सहसा घालत नाही. आणि दिवस म्हणाल तर हिरवा चारा संपतो तेव्हापासून पाऊस पडेपर्यंतचे.

आता गुणाकार करू.

- तीन ते पाच जनावरे: ३० कुटुंबे × ३ दुभत्या × १२ किलो × १०० दिवस = १०८ टन.
- सहा ते वीस जनावरे: २० कुटुंबे × ७ दुभत्या × १५ किलो × १५० दिवस = ३१५ टन.
- वीसपेक्षा जास्त: ३ गोठे × २५ दुभत्या × १६ किलो × १०० दिवस = १२० टन.

एकूण ५४३ टन.

हा त्या वर्तुळातला आज पैसे मोजून होणारा सगळा बाजार. कंपनीला तोटा टाळायला १,००० टन हवे होते आणि यंत्र ३,००० टनांचे घ्यायचे ठरले होते. राज्याच्या बाजाराचा ०.००२ टक्का दिसणारी विक्री प्रत्यक्षात टप्प्यातल्या सगळ्या खरेदीच्या साडेपाच पट होती.

आकडा कितपत भरवशाचा?

"तीस घरे विचारून दीडशेचा अंदाज कसा काय?" हा रास्त प्रश्न एका संचालकाने विचारला. म्हणून प्रत्येक आकड्याला खालची आणि वरची बाजू दिली. पहिल्या गटात घेणारी कुटुंबे १५ असू शकतात किंवा ५०. दुसऱ्या गटात १२ किंवा ३०. मोठ्या गोठ्यांत २ किंवा ४. सगळे आकडे खालचे धरले तर ३२३ टन, सगळे वरचे धरले तर सुमारे ८१३ टन.

इथे निर्णय झाला. सगळे अंदाज एकाच वेळी आपल्या बाजूने लागले आणि वर्तुळातल्या प्रत्येकाने फक्त याच कंपनीचा माल घेतला, तरी ८१३ टनच होतात. त्यानेही १,००० गाठत नाहीत. अशा वेळी अंदाज आणखी अचूक करत बसण्याची गरज नसते. उत्तर ५४३ आहे की ६०० याने फरक पडत नव्हता. तोट्याची रेघ सगळ्या उत्तरांच्या वर होती.

या पद्धतीचा हाच मोठा फायदा. टक्केवारीच्या हिशेबात चूक कुठे आहे हे शोधता येत नाही, कारण ०.००२ टक्का बरोबर की चूक हे कोण तपासणार? इथे मात्र प्रत्येक आकडा एका गोठ्यावर जाऊन तपासता येतो आणि कोणत्या आकड्याने उत्तर सर्वात जास्त हलते तेही दिसते. आपल्या उदाहरणात तो आकडा सहा ते वीस जनावरांच्या गोठ्यांचा आहे. एक दिवस जास्त असेल तर तो या गोठ्यांवर घाला, दोन गाईंच्या घरांवर नको.

सगळे गिऱ्हाईक तुमचे नसते

५४३ टन आज कोणीतरी पुरवतोच आहे. या भागात शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, कोपरगाव-राहात्याच्या दूधपट्ट्यातून मुरघासाची वाहने येतात. काही व्यापारी उधारी देतात आणि दुधाच्या पगारातून वसूल करतात. तुमची गाठ चांगली असली तरी तुम्ही रोखीने विकणार असाल तर सगळे वळणार नाहीत.

किती वळतील हे तपासायला कंपनीने एक सोपी गोष्ट केली. विकत घेणारे जे १९ जण पाहणीत सापडले होते, त्यांच्याकडे नमुन्याची पिशवी नेली. मुरघास पिवळसर-हिरवा, आंबूस वासाचा, मुठीत दाबल्यावर पाणी न गळणारा होता. भाव सांगितला आणि टनाला ५०० रुपये आगाऊ मागितले. ११ जणांनी दिले. वजनाच्या हिशेबाने ती खरेदी सुमारे ६० टक्के भरली. ५४३ चे ६० टक्के म्हणजे साधारण ३२५ टन. चहासोबतचे "घेऊ की" आणि खिशातून निघालेले पाचशे रुपये यांतला फरक या एका आकड्यात दिसतो.

पावसाचे वर्ष आणि मक्याचा भाव

दोन गोष्टी हा हिशेब दरवर्षी हलवतात, आणि दोन्ही सध्या चर्चेत आहेत.

पहिली गोष्ट पाऊस. २०२३ मध्ये खंड पडला आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात चारा मिळेल त्या भावाने गेला. त्या एका उन्हाळ्याच्या आठवणीवर यंत्र घेतले तर चांगल्या पावसाच्या वर्षी गाठी यार्डात पडून राहतात. म्हणून पाहणीत २०२४ आणि २०२५ अशा दोन्ही उन्हाळ्यांची खरेदी वेगवेगळी विचारा. हिशेब चांगल्या पावसाच्या वर्षावर बसवा. दुष्काळी वर्षाची जादा विक्री ही वरकमाई समजा, हप्ते तिच्यावर टाकू नका.

दुसरी गोष्ट मक्याच्या दाण्याचा भाव. आज हिरवा मका सहज मिळतो, कारण दाण्याला भाव नाही. एकरी १६ टन हिरवा मका अडीच रुपयांनी ४० हजारांचा होतो. एकरी २५ क्विंटल दाणे १,६०० रुपयांनी विकले तरी तेवढेच येतात, वर मळणीचा खर्च. शिवाय हिरवा मका कापला की शेत तीन-चार आठवडे आधी मोकळे होते. म्हणून शेतकरी आज तयार आहे. पण २०२३-२४ पासून इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली तेव्हा भाव कसे चढले होते, हे आपण पाहिले आहे. दाणा २,४०० वर गेला तर तेच २५ क्विंटल ६० हजारांचे होतात, आणि शेतकरी हिरव्या मक्याला किलोमागे रुपयाभर तरी जास्त मागणार. घट धरून तो रुपया तुम्हाला १ रुपया १५ पैशांना पडतो. किलोला उरत होते १ रुपया २० पैसे! म्हणून गिऱ्हाईक मोजताना कच्च्या मालाचा भाव एकच धरू नका. १,६०० आणि २,४०० अशा दोन्ही भावांवर हिशेब करून पाहा.

मग कंपनीने काय करायचे?

५४३ हा आकडा "करू नका" असे सांगत नाही, "एवढे मोठे करू नका" असे सांगतो. आम्ही दुसरा आराखडा मांडला. गाठी बांधायचे यंत्र विकत घ्यायचे नाही. कापणी आणि कुट्टी भाड्याच्या यंत्राने करायची आणि माल टनाच्या जंबो पिशव्यांत दाबून भरायचा. अर्धवेळ माणूस, भाड्याची जागा आणि वजनकाटा, खेळत्या भांडवलाचे व्याज आणि किरकोळ असा वर्षाचा ठरलेला खर्च २ लाख ८० हजारांवर आला. भाड्याचे यंत्र थोडे महाग पडते, म्हणून टनामागे उरतात १,१०० रुपये. तोटा टाळायला लागतात २५५ टन.

३२५ टन विकले तर ७७ हजारांच्या आसपास रुपये उरतात. फार नाहीत. खालचा अंदाज खरा ठरला, म्हणजे ३२३ च्या ६० टक्के, साधारण १९५ टनच गेले, तर ६५ हजारांच्या आसपास तोटा होईल. तो कंपनी सोसू शकते. मोठ्या प्रकल्पात त्याच ३२५ टन विक्रीवर वर्षाला ८ लाखांहून जास्त तोटा होता, आणि तोही पाच वर्षांच्या हप्त्यांसकट. अनुदानाचे ३० लाख मिळाले असते हे खरे. पण अनुदान यंत्राची किंमत कमी करते, गिऱ्हाईक वाढवत नाही.

छोट्या आराखड्यात पहिले वर्ष हीच पाहणी ठरते. कोणी परत घेतला, कोणत्या महिन्यात मागणी आली, कोणाची उधारी थकली, वर्तुळाबाहेरून किती फोन आले, हे सगळे वहीत उतरते. दोन उन्हाळ्यांनंतर मागणी ६००-७०० टनांकडे जाताना दिसली तर मोठ्या यंत्राचा विचार तेव्हा करता येतो.

तुमचा अहवाल बँकेत देण्याआधी

बाजारपेठेचे पान उघडा आणि त्यात 'राज्यातील एकूण', 'देशातील उलाढाल', 'फक्त इतका टक्का' असे शब्द आहेत का पाहा. असतील तर ते पान बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर सहा ओळी लिहा: तोटा टाळायला किती टन, भाडे परवडेल ते अंतर, त्या अंतरात दूध घालणारी कुटुंबे, गोठ्याच्या आकारानुसार, त्यांपैकी मागच्या दोन उन्हाळ्यांत खरोखर विकत घेणारी, प्रत्येकाच्या दुभत्या गाई, किलो आणि दिवस, आणि आगाऊ पैसे देणारे किती. दोन माणसे मोटारसायकलवर फिरली तर आठवड्याचे काम आहे.

शेवटच्या ओळीतला आकडा पहिल्या ओळीपेक्षा मोठा आला तर अहवाल द्या. लहान आला तर यंत्र लहान करा, आणि तरीही बसत नसेल तर ४०० सभासदांचे अडीच-अडीच हजार त्यांच्या खात्यात राहू द्या. गंगापूरच्या त्या कंपनीच्या संचालकांनी बैठकीत हा कागद वाचला आणि ६० लाखांचा अहवाल मागे घेतला. या हंगामात त्यांनी २५ एकरांचा मका पिशव्यांत भरला आहे. पहिल्या पिशव्या फेब्रुवारीत उघडतील. तेव्हा ३२५ चा अंदाज किती खरा, हे त्यांच्या वहीतच दिसेल.